देवाच्या पेटींतील पैसा आणि रयतेच्या मुलांचा दाखला

आमच्या तालुक्याच्या देवस्थानच्या विश्वस्तांनीं यंदाही गरीब विद्यार्थ्यांसाठीं शिष्यवृत्ति जाहीर केली आहे. देवळाच्या महाद्वाराजवळच्या फळ्यावर तिची नोटीस 16 जूनला लागली असून अर्ज देण्याची शेवटची तारीख 30 जून आहे. ही बातमी आम्ही आनंदानें छापीत आहों. परंतु निव्वळ बातमी छापून आमचें काम संपलें असें आम्हांस वाटत नाहीं. गेल्या वर्षीं हीच नोटीस लागली होती, ह्याच मुदतीची होती, आणि ज्यांच्यासाठीं ती काढली त्यांतील पुष्कळ मुलें हात हालवीत परत गेलीं. यंदा तसें होऊं नये, म्हणून नोटिशींत काय आहे, कोणते कागद लागतात, ते कोठें अडतात आणि अडले तर काय करावें, हें आज सविस्तर सांगावयाचें आहे. विश्वस्तांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम एक गोष्ट मनांतून काढून टाका. ही शिष्यवृत्ति भीक नाहीं. देवस्थानच्या पेटींत पडणारा पैसा कोणाचा? सुगी झाल्यावर पहिली पायली देवास घालणाऱ्या कुणब्याचा, यात्रेंत मडकीं विकून उठतांना दहा रुपये टाकणाऱ्या कुंभाराचा, नवसाचें खण-नारळ वाहणाऱ्या मजूर बाईचा. जोतीराव फुले यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें, त्यांत हेंच गाऱ्हाणें होतें कीं, सरकारचा वसूल रयतेच्या घामांतून निघतो आणि शिक्षणावर खर्च होतांना तो वरच्या वर्गांच्या मुलांकडे जातो. आज सरकार बदललें, कायदे बदलले. पण पैसा कोणाच्या घरून निघतो आणि कोणाच्या घरीं पोंचतो, हा प्रश्न विचारण्याची गरज संपलेली नाहीं. राजर्षि शाहू महाराजांनीं 1901 सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह काढलें आणि पुढें जातीजातींच्या मुलांसाठीं अशीं वसतिगृहें उभीं राहिलीं, तीं ह्याच जाणिवेनें. 1950 सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यांतही गरिबांस साह्य, शिक्षण आणि औषधोपचार हीं धर्मादाय कामें म्हणून सांगितलेलीं आहेत. तेव्हां अर्ज घेऊन देवस्थानच्या कचेरींत जाणाऱ्या बापानें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं.

आतां नोटिशींतील अटी पाहूं. अर्जदार आपल्या जिल्ह्याचा रहिवासी असावा. त्यानें यंदा दहावीची किंवा बारावीची परीक्षा निदान साठ टक्के गुण मिळवून पास केलेली असावी व पुढच्या वर्गांत, तंत्रशाळेंत अथवा कॉलेजांत नांव घातलेलें असावें. घरच्या सर्व माणसांचें मिळून वर्षाचें उत्पन्न दीड लाख रुपयांहून अधिक नसावें. जातीची अट नाहीं, ही गोष्ट विश्वस्तांस शोभा देणारी आहे. एका घरांतील एकाच मुलास मदत मिळेल. दहावीनंतर शिकणाऱ्यास वर्षाला सहा हजार व बारावीनंतर शिकणाऱ्यास बारा हजार रुपये मिळतील आणि ते दोन हप्त्यांनीं विद्यार्थ्याच्या बँकेच्या खात्यांत जमा होतील. दुसरा हप्ता शाळेंतील हजेरीचा दाखला दिल्यावर मिळेल. पुढील वर्षीं मदत चालू ठेवावयाची असेल तर सर्व विषयांत पास झाल्याचें गुणपत्रक द्यावें लागेल.

कागद सहा मागितले आहेत. परीक्षेचें गुणपत्रक, शाळेचा किंवा कॉलेजचा बोनाफाईड दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार कार्ड, आणि विद्यार्थ्याच्या नांवाच्या पासबुकाचें पहिलें पान. ह्यांच्या झेरॉक्स प्रती अर्जास जोडावयाच्या व अस्सल कागद पडताळणीच्या दिवशीं दाखवावयाचे. अर्जाचा छापील नमुना देवस्थानच्या कचेरींत फुकट मिळतो. तो भरून, विद्यार्थ्याची व पालकाची सही करून, तेथेंच द्यावयाचा. त्यानंतर छाननी होते, पात्र मुलांस आईबापांसह पडताळणीसाठीं बोलावितात आणि मग यादी लागते. ऐकावयास सारें सोपें आहे.

परंतु ह्या सहा कागदांत पांच कागद घरांत किंवा शाळेंत असतात आणि एकच कागद बाहेरून आणावा लागतो. तो म्हणजे उत्पन्नाचा दाखला. सारी अडचण ह्या एका कागदांत आहे. सेवा हक्काचा कायदा 2015 सालीं झाला, त्याखालीं हा दाखला देण्यास तहसील कचेरीला पंधरा दिवसांची मुदत आहे. देवस्थानची नोटीस 16 जूनपासून 30 जूनपर्यंत, म्हणजे पहिला व शेवटचा दिवस धरून पंधराच दिवसांची आहे. ज्या दिवशीं नोटीस लागली त्याच दिवशीं सकाळीं कोणी धांवत जाऊन दाखल्याचा अर्ज केला आणि सरकारी कचेरीनें आपली मुदत अगदीं काटेकोर पाळली, तरी दाखला हातांत येईपर्यंत देवस्थानची खिडकी बंद होण्याची वेळ आलेली असते. मग ही मदत कोणास मिळते? ज्याच्या घरीं दाखला आधींच तयार आहे त्यास. आणि तो आधींच तयार कोणाच्या घरीं असतो? कचेरींत बसणाऱ्याच्या, शहरांत राहणाऱ्याच्या, ज्यास अशा नोटिशीचा वास महिनाभर आधीं लागतो त्याच्या. गरिबी सिद्ध करण्याचा कागद ज्याच्या खिशांत आहे तो बहुधा गरिबांतला सर्वांत गरीब नसतो. विश्वस्तांनीं हें मुद्दाम केलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण फळ मुद्दाम केल्यासारखेंच येतें.

गेल्या वर्षीं घडलेली एक हकीकत सांगतों, म्हणजे वाट कोठें चुकते तें दिसेल. एका गांवच्या सुताराची मुलगी बारावींत एकाहत्तर टक्के गुण मिळवून पास झाली. बापाकडे सुतारकी आणि भावांबरोबर सामाईक थोडी जमीन. नोटीस लागली 16 जूनला, पण त्यास ती 19 जूनला समजली, कारण ती देवळांत लागली होती, गांवांत नव्हे. दुसऱ्या दिवशीं तो काम बुडवून सेतु केंद्रावर गेला. तेथें सांगितलें कीं, आधीं तलाठ्याचा अहवाल आणा. तलाठी, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे तीन गांवें. ते ह्या गांवीं येत 21 जूनला. आणखी एक दिवस कामाचा गेला.

तलाठ्यांनीं सातबारा काढून पाहिला. त्यावर तीन भावांचीं नांवें, क्षेत्र साडेचार एकर. जमिनीचें उत्पन्न धरलें एक लाख पस्तीस हजार. सुतारकीचें धरलें साठ हजार. बेरीज झाली एक लाख पंच्याण्णव हजार, आणि अहवालांत तोच आंकडा पडला. देवस्थानची मर्यादा दीड लाखाची. मुलगी अपात्र! बापानें कागद घेतला, आंकडा वाचतां आला, पण त्यांत चूक कोठें आहे तें उमगलें नाहीं. तो घरीं येऊन गप्प बसला. मुलीनेंच विचारलें, "आबा, ही सगळी जमीन आपली आहे का?"

मुलीचा प्रश्न बरोबर होता. साडेचार एकर म्हणजे एकशें ऐशीं गुंठे. तीन भावांत वांटले तर प्रत्येकास साठ गुंठे, म्हणजे दीड एकर. तिच्या बापाच्या हिश्श्याचें उत्पन्न एक लाख पस्तीस हजार नव्हे, तर त्याचा तिसरा भाग, पंचेचाळीस हजार. त्यांत सुतारकीचे साठ हजार मिळविले कीं घरचें उत्पन्न एक लाख पांच हजार होतें. मर्यादेच्या पुष्कळ आंत. चुलत्यांचीं चुलींहीं वेगळीं आणि शिधापत्रिकाही वेगळ्या होत्या. पण त्या कोणी मागितल्या नाहींत आणि ह्यानें दाखविल्या नाहींत. तो पुन्हां गेला, तिन्ही शिधापत्रिका दाखविल्या, तलाठ्यांनीं कांहींएक कुरकुर न करतां अहवाल दुरुस्त केला, आणि 23 जूनला दाखल्याचा अर्ज दाखल झाला. तेथून पंधरा दिवस मोजले तर 8 जुलै येते. दाखला 5 जुलैला आला, म्हणजे मुदतीच्या आधींच. कचेरीनें कसूर केली नाहीं. तलाठ्यांनीं चूक सुधारली. बापानें तीन दिवसांची मजुरी घालविली. मुलीनें गुण मिळविले होते. तरी 30 जून होऊन गेला होता. देवस्थानच्या कारकुनानें अर्ज हातांत न घेतांच परत दिला.

वाचकहो, ह्या हकीकतींत खलपुरुष कोणी नाहीं, आणि म्हणूनच ती आम्हांस अधिक बोंचते. खलपुरुष असता तर त्याच्याशीं भांडतां आलें असतें. येथें पंधरा विरुद्ध पंधरा अशी दोन आंकड्यांची टक्कर झाली आणि त्यांत एका मुलीचें वर्ष भरडलें गेलें.

तेव्हां आतां काय करावयाचें तें ऐका. ज्यांच्याकडे चालू दाखला आहे त्यांनीं आज-उद्यां अर्ज द्यावा. दाखल्यावर तो कोणत्या तारखेपर्यंत चालतो तें छापलेलें असतें. बहुधा ती तारीख 31 मार्च असते. मागच्या फेब्रुवारींत काढलेला दाखला जूनमध्यें निरुपयोगी ठरतो, आणि हें पुष्कळांस कचेरीच्या खिडकीपाशीं उभें राहिल्यावर कळतें. म्हणून ज्या घरांत दहावी-बारावीचें मूल आहे त्या घरानें पुढील वर्षापासून एक नेम करावा: एप्रिल महिना लागला कीं दाखल्याचा अर्ज करावा. निकाल येण्याची वाट पाहूं नये, नोटिशीची तर मुळींच पाहूं नये. पाडव्याला जसें वर्ष धरतां, तसा एप्रिलमध्यें दाखला धरा.

ज्यांच्याकडे दाखला नाहीं त्यांनीं आजच सेतु केंद्रावर किंवा आपले सरकारच्या केंद्रावर अर्ज दाखल करून तारखेची पोंच घ्यावी. ती पोंच हा तुमचा हक्काचा कागद आहे. तींत अर्जाचा नंबर व तारीख असते. पंधरा दिवसांत दाखला मिळाला नाहीं, किंवा कारण न सांगतां नाकारला, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करतां येतें. पण पोंच नसेल तर अर्ज केव्हां केला हेंच सिद्ध होत नाहीं. अर्जासोबत लागणारी घोषणा साध्या कागदावर चालते. ह्या दाखल्यासाठीं पांचशें रुपयांचा स्टँप पेपर आणा असें कोणी सांगितलें तर तो आणूं नका. विद्यार्थ्यांच्या अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांस मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि 2025 सालीं महसूल खात्यानें तें पुन्हां स्पष्ट करून सांगितलें आहे.

तलाठ्याकडे जातांना शेतकऱ्यानें सातबारा, आठ-अ आणि आपली शिधापत्रिका तिन्ही न्यावीं. सातबारा सामाईक असेल तर पहिल्याच बोलण्यांत सांगावें कीं, नांवें इतकीं आहेत, माझा हिस्सा इतका आहे, चूल वेगळी आहे. अहवाल हातांत आला कीं तेथेंच उभें राहून आंकडा वाचावा. वाचतां येत नसेल तर मुलास बरोबर न्यावें. ज्याच्यासाठीं ही धांवपळ त्यानें निदान एवढें करावें. चूक लिहिल्यावर लाजूं नये व भांडूंही नये. हिस्सा दाखविला कीं दुरुस्ती होते.

कारागिरांची अडचण वेगळी आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी ह्यांच्याजवळ उत्पन्नाचा सातबारा नसतो. तलाठी तोंडी विचारतात, "वर्षाला किती मिळतात?" आणि आमचा माणूस हातांत येणारा सगळा पैसा सांगून मोकळा होतो. चांभारानें लाखाचे जोडे विकले, पण साठ हजारांचें चामडें, तळवे आणि खिळे विकत घेतले, तर त्याची कमाई लाखाची नव्हे, चाळीस हजारांची. माल वजा जातां जें घरांत राहतें तें उत्पन्न. ह्यासाठीं एक साधी वही ठेवावी. एका पानावर आलेला पैसा आणि समोरच्या पानावर मालास गेलेला पैसा लिहावा. सराफ-सावकाराची वही आम्हांस आजवर बुडवीत आली. आतां आपली वही आपल्यास तारूं द्या. मात्र खरें तेंच लिहावें. खोटें कमी उत्पन्न दाखवून मिळविलेला दाखला पुढें रद्द होतो, मदत परत द्यावी लागते, आणि आपल्यापेक्षां गरीब असलेल्या कोणा शेजाऱ्याच्या मुलाच्या तोंडचा घांस आपण काढलेला असतो.

दुसरी अडचण नांवाची. गुणपत्रकावर नांव आडनांवापासून सुरू होतें, आधारावर बापाच्या नांवाचें नुसतें आद्याक्षर असतें, आणि पासबुकावर भलतेंच शुद्धलेखन असतें. तिन्ही कागद एका ओळींत मांडून अक्षर अन् अक्षर ताडून पाहावें. क्रम मागेंपुढें असेल तर फारसें बिघडत नाहीं. पण अक्षर निराळें असेल तर आधी बँकेंतील किंवा आधारावरील नांव दुरुस्त करून घ्यावें आणि गुणपत्रकावरील नांव मूळ धरावें, कारण तें बदलणें सर्वांत कठीण.

तिसरी अडचण खात्याची. मुलाच्या नांवानें कधीं काळीं काढलेलें खातें घरांत असतें. पण दोन वर्षें त्यांत देवघेव झाली नसेल तर बँक तें निष्क्रिय धरते आणि पाठविलेला पैसा अडूं शकतो. अर्ज देण्यापूर्वीं बँकेंत जाऊन ओळखीचे कागद पुन्हां द्यावे, थोडे पैसे भरून काढून पाहावे, आणि पासबुक छापून घ्यावें. शिवाय पुष्कळ बँका एकमेकींत मिसळल्या आहेत. देना बँक 2019 सालीं बँक ऑफ बडोद्यांत मिळाली. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 2025 च्या मे महिन्यांत महाराष्ट्र ग्रामीण बँकेंत मिळाली. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी नंबर म्हणून भरंवशाचा नाहीं. शाखेंत विचारून चालू नंबर अर्जावर लिहावा. यादींत नांव आलें, पण पैसे आले नाहींत, अशी तक्रार कोणी केली तर प्रथम ह्याच दोन गोष्टी तपासून पाहाव्या.

कांहीं पालक विचारतात कीं, सरकारची फी-सवलत मिळते, मग हा अर्ज करावा कीं नाहीं? करावा. सरकारची सवलत बहुतेक शाळा-कॉलेजच्या फीपुरती असते. खेड्यांतून कॉलेजच्या गांवीं जाण्याचा एस. टी. चा पास, खानावळ, खोलीचें भाडें, वह्यापुस्तकें ह्यांचा भार घरावरच राहतो, आणि पुष्कळ मुलें फीमुळें नव्हे तर खानावळीच्या बाकीमुळें परत येतात. ह्या देवस्थानच्या अर्जांत "इतर मदत मिळते काय" असा रकाना आहे. तेथें खरें उत्तर लिहावें. नोटिशींत इतर मदत घेणाऱ्यास मनाई नाहीं. माहिती लपविणाऱ्यास मात्र आहे.

अर्ज देतांना तीन गोष्टी संभाळाव्या. सर्व कागदांची एक प्रत घरीं ठेवावी. अर्ज दिल्याची सही-शिक्क्याची पोंच घ्यावी. "नंतर या" असें म्हटल्यास तेथेंच थांबावें. आणि अर्ज भरून देतों, नांव लावून देतों, असें सांगून पैसे मागणाऱ्या दलालास दारांत उभें करूं नये. नमुना फुकट आहे, तो शाळेंतील मास्तर किंवा शिकलेलें शेजारचें पोर भरून देऊं शकतें. बँकेचा किंवा आधारचा फोनवर येणारा गुप्त आंकडा तर कोणासही सांगूं नये, मग तो देवस्थानचें नांव कां सांगेना.

आतां विश्वस्तांस आमचें सांगणें. आपण मदत जाहीर केली, जातीची अट ठेविली नाहीं, पैसे सरळ मुलांच्या खात्यांत देतां, ह्याबद्दल आम्ही आपणांस धन्यवाद देतों. परंतु दान देणाऱ्यानें दान पोंचलें कीं नाहीं हेंही पाहिलें पाहिजे. आमची मागणी मोठी नाहीं. पहिली ही कीं, ज्यानें दाखल्यासाठीं अर्ज केल्याची सरकारी पोंच जोडली आहे त्याचा अर्ज आज घ्यावा, आणि अस्सल दाखला पडताळणीच्या दिवशीं पाहावा. पडताळणी जुलैच्या अखेरीस ठेविली कीं कोणाचेंच नुकसान नाहीं. पैसा तुमच्या पेटींत आणखी चार आठवडे राहील, इतकेंच. दुसरी ही कीं, पुढील वर्षापासून नोटीस निकालाच्या आधीं, मे महिन्याच्या आरंभीं काढावी आणि ती देवळाबरोबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर व प्रत्येक हायस्कुलांत लावावी. देवळांत येणारा प्रत्येक जण फळा वाचीत नाहीं, आणि प्रत्येक गरीब देवळांत येतोच असें नाहीं. तिसरी ही कीं, निवडलेल्या मुलांची यादी लावतांना ज्यांचा अर्ज नाकारला त्यांच्या क्रमांकापुढें एका ओळींत कारण लिहावें. नांव छापून कोणाची गरिबी चव्हाट्यावर मांडूं नये, अर्जाचा क्रमांक पुरे. कारण कळलें म्हणजे पुढील वर्षीं तीच चूक होत नाहीं, आणि वशिल्याची कुजबुजही थांबते.

विश्वस्तांपैकीं कोणी म्हणेल, मुदत वाढविली तर अर्ज फार येतील. येऊं द्या! अर्ज फार आले तर गरिबी किती आहे तें तरी तुम्हांस कळेल. थोडे अर्ज आले म्हणून गरज थोडी आहे असें समजणें म्हणजे विहिरीवर कुलूप लावून गांवास तहान नाहीं असें म्हणण्यासारखें आहे.

गेल्या वर्षींच्या त्या सुताराच्या मुलीनें यंदा एप्रिलमध्येंच दाखला काढून ठेविला आहे. पण यंदाची नोटीस यंदा पास झालेल्यांसाठीं आहे, म्हणून तिला ती लागू होत नाहीं. गेल्या वर्षीं पुढील वर्गांत तिचें नांव घातलें होतें. पैशाअभावीं तें काढावें लागलें. ती सध्यां तालुक्याच्या एका दुकानांत हिशेब लिहिते. मुदत चुकलेल्या अशा मुलांस निदान एक वर्ष मागें जाऊन अर्ज करूं द्यावा, ही चौथी मागणी आम्ही तिच्या वतीनें करतों. विश्वस्तांची सभा ह्याच महिन्यांत आहे. ह्या अंकाची एक प्रत आम्ही त्यांच्या कचेरींत समक्ष देऊन पोंच घेणार आहों, आणि त्यांचें उत्तर आल्यास जसेंच्या तसें येथें छापूं.